आपत्कालीन प्रवेश खाते (क्लाउड संगणन)

आपत्कालीन प्रवेश खाते, अथवा संगणक क्षेत्रातील रूढ भाषेत 'ब्रेक-ग्लास खाते', हे क्लाउड सेवेच्या प्रशासकांसाठी राखून ठेवलेले, सर्वोच्च अधिकार असलेले आणि एरवी कधीही न वापरले जाणारे खाते होय. नेहमीच्या प्रशासकांना आपल्या खात्यांतून कन्सोलमध्ये शिरणे अशक्य झाले, तरच ते उघडले जाते. बहुघटक प्रमाणीकरण आणि पासवर्डविषयक धोरण जितके कडक होत जाते, तितकी या खात्याची गरज वाढते. कारण परक्याला अडवणारे कुलूप किल्ली हरवल्यावर घरमालकालाही तेवढ्याच निष्ठेने अडवते. या लेखात मुख्यतः मायक्रोसॉफ्टच्या 'एन्ट्रा आयडी' या ओळख-व्यवस्थेतील अशा खात्यांची माहिती दिली आहे. २०२३ पर्यंत ही व्यवस्था 'अझूर ॲक्टिव्ह डिरेक्टरी' या नावाने ओळखली जात असे.

## नाव

आगीची सूचना देणारे बटण किंवा संकटकाळी बाहेर पडण्याच्या दाराची किल्ली काचेच्या पेटीत ठेवण्याची पद्धत जुनी आहे. काच फोडल्याशिवाय किल्ली मिळत नाही आणि फोडल्यावर ती फोडल्याचे लपत नाही. नावामागे या दोन्ही गोष्टी आहेत. त्यांपैकी पहिली, म्हणजे संकटात हाताशी असणे, सर्वांच्या लक्षात राहते. दुसरी, म्हणजे वापर झाल्याचे उघडपणे कळणे, हिचा मात्र व्यवहारात बहुधा विसर पडतो.

## पार्श्वभूमी

क्लाउड कन्सोल म्हणजे न्याहाळकातून उघडणारे नियंत्रणपृष्ठ. संस्थेचे सर्व्हर, साठवलेली माहिती, तिच्या राखीव प्रती आणि कर्मचाऱ्यांची खाती या साऱ्यांवर येथून हुकूम चालतो. पूर्वी सर्व्हर-खोलीचे दार, कपाटाचे कुलूप आणि यंत्राचा पासवर्ड असे निरनिराळे अडथळे असत; क्लाउडमध्ये ते सर्व एका प्रवेशपृष्ठात एकवटले आहेत. त्यामुळे प्रशासकाचे खाते परक्याच्या हाती जाणे म्हणजे काय, हे २०१४ साली 'कोड स्पेसेस' या कंपनीच्या बाबतीत दिसून आले. ही कंपनी इतरांचा संगणकीय आज्ञावलींचा मजकूर सांभाळण्याचे काम करीत असे. १७ जून २०१४ रोजी तिच्या संकेतस्थळावर मागण्यांचा भडिमार सुरू झाला आणि त्याच वेळी ॲमेझॉनच्या सेवेतील तिच्या नियंत्रणपृष्ठात कोणीतरी शिरून खंडणीचा निरोप ठेवल्याचे आढळले. कंपनीने पासवर्ड बदलून ताबा परत घेण्याचा प्रयत्न केला. परंतु त्या व्यक्तीने आधीच स्वतःसाठी जादा प्रवेशखाती तयार करून ठेवली होती. ताबा परत घेतला जात असल्याचे दिसताच तिने साठवण, प्रतिमा आणि राखीव प्रती पुसण्यास आरंभ केला. सुमारे बारा तासांत बहुतेक माहिती नष्ट झाली आणि कंपनीला व्यवसाय बंद करावा लागला. राखीव प्रती होत्या, पण त्यांची किल्लीही त्याच जुडग्यात होती.

अशा घटनांनंतर प्रशासकांच्या खात्यांवर बहुघटक प्रमाणीकरण सक्तीचे करण्याचा प्रघात पडला. 'ठाऊक असलेले' (पासवर्ड), 'जवळ असलेले' (फोन किंवा किल्ली) आणि 'अंगभूत असलेले' (बोटाचा ठसा, चेहरा) या तीन प्रकारांपैकी किमान दोन प्रकारचे पुरावे मागणे, अशी त्याची व्याख्या केली जाते. दोन पासवर्ड मागणे हे बहुघटक प्रमाणीकरण नव्हे, कारण दोन्ही पुरावे एकाच प्रकारचे ठरतात.

दुसरा घटक म्हणून जे काही वापरले जाते, त्या सर्वांचे बळ सारखे नाही. लघुसंदेशाने येणारा संकेतांक सिमकार्डाच्या मागे जातो. फसवणुकीने दुसरे सिमकार्ड मिळवणाऱ्याच्या हाती तो पडतो. फोनमधील ॲप दर तीस सेकंदांनी बदलणारा सहा अंकी संकेतांक दाखवते. त्याला दूरध्वनी-जाळ्याची गरज नसते, पण तोतया संकेतस्थळावर वापरकर्त्याने तो स्वतःहून लिहिला, तर चोर त्या तीस सेकंदांत तो खऱ्या ठिकाणी वापरू शकतो. फोनवर 'मान्य आहे का?' असा प्रश्न पाठवण्याची पद्धत सर्वांत सोयीची. तथापि माणूस कंटाळतो, ही तिची मर्यादा. सप्टेंबर २०२२ मध्ये उबर कंपनीच्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याला असे प्रश्न वारंवार पाठवण्यात आले आणि अखेर त्याने एकाला होकार दिला. मायक्रोसॉफ्टने मे २०२३ पासून आपल्या ॲपमध्ये पडद्यावरील अंक फोनवर टंकित करण्याची सक्ती केली, ती याच प्रकारच्या हल्ल्यांना आळा घालण्यासाठी.

या सर्वांहून निराळी अशी पद्धत म्हणजे 'फिडो-२' या मानकावर आधारलेली सुरक्षा-किल्ली. दिसायला ती पेन ड्राइव्हसारखी असते. तिच्या आत एक गुप्त अंक दडलेला असतो आणि तो किल्लीबाहेर कधीच येत नाही. संकेतस्थळाने पाठवलेल्या आव्हानावर किल्ली आतल्या आत सही करते. ती सही ज्या संकेतस्थळासाठी किल्लीची नोंद झाली, त्याच्याच पत्त्यासाठी होते. तोतया पत्त्यावर किल्ली गप्प राहते. वापरकर्ता फसला तरी किल्ली फसत नाही, हा तिचा विशेष पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

## १९ नोव्हेंबर २०१८ चा खंड

सोमवार, १९ नोव्हेंबर २०१८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी दहा वाजून गेल्यावर मायक्रोसॉफ्टची बहुघटक प्रमाणीकरणाची सेवा कोलमडली आणि ती पूर्ववत होण्यास सुमारे चौदा तास लागले. पासवर्ड बरोबर होते, फोन हाती होते, पण फोनवर प्रश्न येईना आणि संकेतांकही पोहोचेना. स्वतःचा पासवर्ड स्वतः बदलण्याची सोयही त्याच सेवेवर अवलंबून असल्याने तीही बंद पडली. कंपनीने नंतर प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात तीन दोष सांगितले होते. गर्दी एका मर्यादेपलीकडे गेल्यावर दर्शनी सर्व्हर आणि त्यांची तात्पुरती साठवण यांच्यातील संवाद मंदावला. त्यातून उत्तरे हाताळण्याच्या क्रमातील एक चूक वर आली. आणि तिच्यामुळे पाठीमागच्या सर्व्हरवर कामे साचत जाऊन तो थकला. त्याच महिन्याच्या २७ तारखेला आणखी एक, पण तुलनेने लहान खंड पडला.

ज्या संस्थांनी प्रत्येक प्रशासकावर अपवाद न ठेवता बहुघटक प्रमाणीकरण लादले होते, त्यांची त्या दिवशी मोठी कोंडी झाली. कर्मचाऱ्यांना तात्पुरती सूट द्यावी, तर ती देण्यासाठी कन्सोलमध्ये शिरणे आवश्यक. आणि कन्सोलमध्ये शिरण्यासाठी तोच बंद पडलेला दुसरा घटक आवश्यक. ज्यांनी एखादे प्रशासक-खाते या नियमातून वगळून तिजोरीत ठेवले होते, त्यांनी ते उघडले, धोरण काही तासांपुरते स्थगित केले आणि काम चालू ठेवले. काही काळापुरती सुरक्षा कमी करायची की काम थांबवायचे, हा निर्णय त्यांच्या हाती होता. इतरांना तो निर्णय घेण्याचीही सोय नव्हती.

## खात्याची रचना

मायक्रोसॉफ्टच्या शिफारशीनुसार अशी किमान दोन खाती असावीत. एकाची किल्ली बिघडली किंवा ते खाते चुकून पुसले गेले, तर दुसरे उरते. दोन्ही खात्यांना 'ग्लोबल ॲडमिनिस्ट्रेटर' हा अधिकार कायमचा दिलेला असावा लागतो. अनेक संस्थांमध्ये हा अधिकार मागणी करून आणि मंजुरी घेऊन तासाभरापुरता मिळवण्याची पद्धत असते व ती एरवी योग्यच आहे. पण मंजुरी देणारेच बाहेर अडकले असतील, तर मागणी कोणाकडे करणार?

खात्याचे नाव संस्थेच्या स्वतःच्या पत्त्यावर न ठेवता `onmicrosoft.com` ने संपणाऱ्या मूळ पत्त्यावर ठेवतात. पुष्कळ संस्थांत प्रवेशाची तपासणी कार्यालयातील स्वतःच्या सर्व्हरकडे सोपवलेली असते. तो सर्व्हर बंद पडला, त्याचे प्रमाणपत्र कालबाह्य झाले किंवा इंटरनेटवरील नावाची नोंद चुकली, की त्या पत्त्यावरचे प्रत्येक खाते दाराबाहेर राहते. मूळ पत्त्यावरील खात्याची तपासणी थेट क्लाउडमध्येच होते. त्याच कारणाने ही खाती कार्यालयातील निर्देशिकेतून आयात न करता क्लाउडमध्येच निर्माण करावी लागतात.

नावात `admin`, `emergency`, `breakglass` असे शब्द घालण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. एन्ट्रा आयडीमध्ये चुकीच्या पासवर्डांचे दहा प्रयत्न झाल्यावर खाते काही काळ आपोआप कुलूपबंद होते आणि पुढील चुकांगणिक हा काळ वाढत जातो. सहज तर्क करता येण्याजोग्या नावावर कोणी बाहेरून चुकीचे पासवर्ड मारीत राहिला, तर आत न शिरताही तो खाते अडवून ठेवू शकतो.

ही खाती कोणा एका व्यक्तीची नसतात. एखाद्या प्रशासकाच्या फोनशी ती जोडली, तर तो रजेवर किंवा सेवामुक्त झाल्यावर खाते निरुपयोगी होते. शिवाय वापर कोणी केला, याची जबाबदारी धूसर होते. म्हणून ओळख व्यक्तीशी न जोडता वस्तूशी जोडतात आणि ती वस्तू कोणी घेतली, याची नोंद कागदावर ठेवतात.

## पासवर्डविषयक धोरण

पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदलावा, त्यात एक मोठे अक्षर, एक अंक आणि एक चिन्ह असावे, ही शिकवण दीर्घकाळ प्रचलित होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत हे दोन्ही नियम मोडीत काढले. सक्तीने बदलायला लावल्यास माणसे शेवटचा अंक एकाने वाढवतात आणि चिन्हाची सक्ती केल्यास अखेरीस उद्गारचिन्ह लावतात, हा अनुभव त्यामागे होता. त्याऐवजी लांबी वाढवणे, आधी फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडून पाहणे आणि फुटल्याचा संशय आला तरच बदलणे, असा सल्ला तिने दिला. एन्ट्रा आयडीमध्ये पासवर्ड किमान आठ व कमाल २५६ चिन्हांचा असू शकतो आणि सर्वसामान्य, सहज सुचणाऱ्या पासवर्डांची एक निषिद्ध यादी सर्वांना आपोआप लागू असते. संस्थेचे नाव, गावाचे नाव यांसारख्या शब्दांची भर तीत संस्थेला घालता येते.

आपत्कालीन खात्यासाठी पासवर्ड कालबाह्य होऊ न देणे हे सोयीचे नव्हे, तर आवश्यक मानले जाते. वर्षभर न उघडलेल्या लिफाफ्यातील पासवर्ड मुदत संपल्यामुळे नेमक्या संकटाच्या वेळी बदलावा लागणे, ही नसती गुंतागुंत होय. मुदत काढून टाकण्याची आज्ञा अशी आहे:

```
Update-MgUser -UserId "<account>" -PasswordPolicies DisablePasswordExpiration
```

पासवर्ड यादृच्छिक शब्दांचा करावा, अशी एक चांगली प्रथा आहे. फासे टाकून ७७७६ शब्दांच्या यादीतून सहा शब्द निवडले, तर होणाऱ्या शक्यतांची संख्या दोनच्या सत्त्याहत्तराव्या घाताइतकी भरते. ती तर्काने गाठणे व्यवहारात अशक्य आहे आणि शब्द मात्र वाचून टंकित करता येतात. मराठी संस्थांना येथे एक अडचण येते. एन्ट्रा आयडीच्या पासवर्डात देवनागरी अक्षरे चालत नाहीत. मराठी शब्द रोमन लिपीत लिहावे, तर 'खिडकी' हा एकच शब्द `khidki`, `khidaki`, `khidakee` असा तीन हातांनी तीन तऱ्हांनी लिहिला जातो. तिजोरीतला कागद वाचणारा आणि तो लिहिणारा हे बहुधा एक नसतात. तेव्हा शब्द उच्चारून न सांगता अक्षरशः छापून ठेवणे भाग पडते, आणि छापतानाही शून्य व `O`, तसेच एक व `l` यांत भेद दिसेल असा टाइप निवडावा लागतो.

कागद ठेवण्याची रीतही ठरलेली असते. पासवर्डाचे दोन भाग करून दोन मोहोरबंद लिफाफ्यांत, निरनिराळ्या ठिकाणच्या अग्निरोधक तिजोऱ्यांत ठेवतात. बँकेच्या लॉकरला ग्राहकाची एक आणि बँकेची एक अशा दोन किल्ल्या लागतात, तसाच हा प्रकार. कोणाही एका व्यक्तीला एकट्याने खाते उघडता येऊ नये, हा त्याचा हेतू आहे. पासवर्ड-व्यवस्थापक ॲपमध्ये तो ठेवणे सोपे. पण त्या ॲपचा प्रवेश त्याच क्लाउड-खात्याने होत असेल, तर पेटीची किल्ली पेटीतच बंद झाली असे समजावे.

## सक्तीच्या प्रमाणीकरणानंतरचा बदल

२०१८ च्या अनुभवातून निघालेला सल्ला असा होता, की निदान एक आपत्कालीन खाते बहुघटक प्रमाणीकरणातून वगळावे. म्हणजे सर्वाधिक अधिकाराचे खाते केवळ पासवर्डावर उभे राहिले. लांब पासवर्ड आणि तिजोरी यांच्या भरवशावर ही तडजोड कित्येक वर्षे स्वीकारली गेली.

ऑक्टोबर २०२४ पासून मायक्रोसॉफ्टने अझूर आणि एन्ट्रा यांच्या प्रशासन-पृष्ठांवर येणाऱ्या प्रत्येकासाठी बहुघटक प्रमाणीकरण टप्प्याटप्प्याने अनिवार्य केले. ही सक्ती संस्थेच्या धोरणाबाहेरची असल्याने संस्थेने खाते आपल्या धोरणातून वगळले, तरी ते सक्तीतून सुटत नाही. आपत्कालीन खात्यांनाही त्यातून सूट नाही. परिणामी जुन्या पद्धतीने, केवळ पासवर्डासह तिजोरीत ठेवलेली खाती अपुरी ठरली. ज्यांनी ती पुन्हा तपासली नाहीत, त्यांना हे कळण्याची वेळ संकटाचीच असण्याचा संभव आहे.

यावरचा सुचवलेला उपाय म्हणजे प्रत्येक आपत्कालीन खात्यावर 'फिडो-२' सुरक्षा-किल्ली नोंदवणे, किंवा संस्थेकडे प्रमाणपत्रांची व्यवस्था असल्यास प्रमाणपत्राने प्रवेश देणे. किल्ली स्वतःच दोन घटक पुरवते: ती हाती असणे हा एक आणि तिचा पिन ठाऊक असणे हा दुसरा. लघुसंदेश, फोनचे जाळे किंवा कोणाचा मोबाइल यांपैकी कशाचीही तिला गरज नाही. त्यामुळे जुन्या तडजोडीतील दुबळेपणा बराचसा नाहीसा होतो.

किल्लीचे स्वतःचे काही स्वभाव मात्र ध्यानात ठेवावे लागतात. पिन आठ वेळा चुकला, तर किल्ली बंद पडते आणि ती पुन्हा चालू करण्यासाठी पुसावी लागते. पुसल्यावर त्या खात्याची नोंद जाते. म्हणून पिनचा कागद किल्लीपासून वेगळा, पण निश्चित ठिकाणी असावा आणि प्रत्येक खात्यावर दोन किल्ल्या नोंदवून त्या दोन ठिकाणी ठेवाव्यात. तिजोरीजवळच्या संगणकाला किल्ली बसेल असे छिद्र आहे का, हे पाहणे क्षुल्लक वाटते. परंतु नव्या लॅपटॉपांची छिद्रे निराळ्या आकाराची निघाल्याने ऐनवेळी जोडणीचा तुकडा शोधावा लागतो.

## एक उदाहरण

पुढील प्रसंग काल्पनिक आहे, पण त्यातील चूक नेहमीची आहे. तीनशे कर्मचारी आणि तीन प्रशासक असलेल्या एका संस्थेत शुक्रवारी सायंकाळी एक प्रशासक सशर्त प्रवेशाचे नवे धोरण तयार करतो: सर्व वापरकर्त्यांनी, सर्व सेवांसाठी, संस्थेच्या नियमांनुसार नोंदलेल्या यंत्रावरूनच यावे. धोरण आधी 'केवळ अहवाल' अवस्थेत ठेवून परिणाम पाहण्याची सोय असते. तो ती वापरीत नाही. धोरणकर्त्यानेच स्वतःला अडवून घेऊ नये, असा इशाराही पृष्ठावर येतो. तो वाचला जात नाही. तिन्ही प्रशासकांचे लॅपटॉप अद्याप नोंदलेले नसतात.

लगेच काहीही बिघडत नाही, हीच यातील मेख आहे. आधी मिळालेला प्रवेश-परवाना साधारण तासभर चालतो. त्यामुळे प्रशासकाचे उघडे पृष्ठ व्यवस्थित चालू राहते आणि तो समाधानाने घरी जातो. शनिवारी सकाळी ईमेल उघडेनासे होतात. प्रवेशपृष्ठावर पासवर्ड व फोनवरील होकार दोन्ही स्वीकारले जातात आणि त्यानंतर नकार येतो. नकाराखालील तपशिलात `AADSTS53000` हा क्रमांक दिसतो. हा क्रमांकच निदानाची किल्ली आहे. पासवर्ड चुकला असता तर क्रमांक ५०१२६ आला असता. ५३००० याचा अर्थ, व्यक्ती पटली पण तिचे यंत्र धोरणात बसत नाही. `AADSTS53003` आला असता, तर सशर्त धोरणाने प्रवेशच रोखला, असा अर्थ झाला असता. तिघांनाही एकच क्रमांक येतो, यावरून दोष कोणा एकाच्या खात्याचा नसून धोरणाचा आहे, हे स्पष्ट होते.

आता दोन जबाबदार व्यक्ती तिजोरी उघडतात. एकीकडे किल्ली, दुसरीकडे पिनचा लिफाफा. वेळ, कारण आणि नावे नोंदवहीत आधी लिहिली जातात. स्वच्छ यंत्रावर न्याहाळकाची खासगी खिडकी उघडून `entra.microsoft.com` हा पत्ता हाताने टंकित केला जातो. कोणत्याही ईमेलमधील दुव्यावरून जाणे वर्ज्य असते. आपत्कालीन खाते सशर्त धोरणांतून वगळलेले असल्याने यंत्राची अट त्याला लागू होत नाही आणि सक्तीचे प्रमाणीकरण किल्लीने पूर्ण होते. धोरणांच्या यादीत बदलाच्या दिनांकावरून शुक्रवारचे धोरण ओळखून ते पुसण्याऐवजी 'केवळ अहवाल' अवस्थेत नेले जाते, म्हणजे चूक काय होती हे नंतर अभ्यासता येते. काही मिनिटांनी एक प्रशासक स्वतःच्या खात्यातून आत येऊन दाखवतो. तो आत येताच आपत्कालीन खात्यातून बाहेर पडायचे. उरलेले सर्व काम नेहमीच्या खात्यांतूनच करायचे. 'आत आलोच आहोत, तर हेही उरकून घेऊ' हा विचार येथे घातक ठरतो, कारण त्या खात्याने केलेल्या प्रत्येक कृतीमागे कोण होते, हे केवळ कागदी नोंदवही सांगू शकते.

त्याच दिवशी पासवर्ड व पिन बदलून नवे लिफाफे मोहोरबंद केले जातात. हे खाते नसते, तर संस्थेला सेवादात्याच्या मदत-विभागाकडे आपली मालकी सिद्ध करावी लागली असती. ती पडताळणी मुद्दामच कडक ठेवलेली असते, कारण 'आम्ही खरे मालक आहोत, आत घ्या' असे चोरही म्हणतो.

## देखरेख आणि तालीम

आपत्कालीन खात्यातून होणारा प्रत्येक प्रवेश, यशस्वी वा अयशस्वी, लगेच कळला पाहिजे. एन्ट्रा आयडीच्या प्रवेश-नोंदी 'लॉग ॲनॅलिटिक्स'कडे पाठवून त्यावर पुढीलसारखा शोध ठराविक अंतराने चालवतात. एकही ओळ सापडली, तरी सूचना जाते. अवतरणांतील अंकांच्या जागी खात्यांचे खरे ओळखक्रमांक घालायचे असतात.

```
SigninLogs
| where UserId in ("00000000-0000-0000-0000-000000000001",
                   "00000000-0000-0000-0000-000000000002")
| project TimeGenerated, UserId, IPAddress, ResultType
```

शेवटच्या रकान्यात शून्य असेल तर प्रवेश यशस्वी झाला. खात्याच्या नावाऐवजी ओळखक्रमांक वापरण्याचे कारण असे, की नाव बदलता येते, क्रमांक बदलत नाही. सूचना कोठे जाते, हाही विचार करावा लागतो. ती संस्थेच्याच ईमेलवर पाठवली, तर सारे बाहेर अडकलेले असताना ती कोणीच वाचू शकणार नाही, आणि खाते चोराच्या हाती गेले असेल तर तो ती वाचण्याआधी पुसू शकेल. त्यामुळे किमान दोन व्यक्तींच्या फोनवर ती जाण्याची तजवीज करतात. एन्ट्रा आयडीच्या विनामूल्य श्रेणीत प्रवेश-नोंदी सातच दिवस राहतात. तेथे ही स्वयंचलित सूचना उभारता येत नाही आणि आठवड्यातून एकदा तरी नोंदी डोळ्यांखालून घालणे हाच मार्ग उरतो.

निदान दर नव्वद दिवसांनी, तसेच तिजोरीची माहिती असलेली व्यक्ती संस्था सोडून गेल्यावर, खाती प्रत्यक्ष उघडून पाहण्याची शिफारस आहे. तालमीत केवळ प्रवेश होतो का, एवढेच पाहून भागत नाही. एखादे धोरण उदाहरणार्थ नावापुरते बदलून पाहावे, म्हणजे अधिकार शाबूत असल्याची खात्री पटते. नव्याने आलेल्या प्रत्येक सशर्त धोरणातून ही खाती वगळली आहेत का, हेही पाहावे लागते. हा दोष सर्वांत अधिक आढळतो, कारण वगळणी प्रत्येक धोरणात स्वतंत्रपणे करावी लागते आणि नव्या प्रशासकाला ती खाती कशासाठी आहेत, हे ठाऊक नसते. दीर्घकाळ न वापरलेली खाती आपोआप बंद करणारी व्यवस्था संस्थेत असेल, तर तीही तपासावी. ज्या खात्याचे वैशिष्ट्यच न वापरले जाणे हे आहे, ते अशा व्यवस्थेच्या दृष्टीला सर्वप्रथम पडते. तालमीच्या वेळी सूचनेचा फोन वाजला नाही, तर प्रवेश सुरळीत झाला तरी तालीम असफल समजली जाते.

## मर्यादा

हे खाते ओळख-व्यवस्थेच्या आतले असते. ती व्यवस्थाच बंद पडली, तर त्याचा उपयोग होत नाही. १५ मार्च २०२१ रोजी, सही तपासण्यासाठी लागणारी एक सांकेतिक किल्ली राखून ठेवण्याची खूण असतानाही स्वयंचलित साफसफाईत काढली गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या सेवांमध्ये प्रवेश करणे जगभर अशक्य झाले. अशा वेळी तिजोरीतील किल्ली आणि नेहमीचा फोन यांची अवस्था सारखीच असते. मात्र नोव्हेंबर २०१८ सारखा, केवळ फोनवरील पुराव्याच्या सेवेपुरता खंड असेल, तर सुरक्षा-किल्लीचे खाते त्याच्या कक्षेबाहेर राहण्याची शक्यता पुष्कळ असते.

ज्या संस्था 'सिक्युरिटी डीफॉल्ट्स' ही तयार सुरक्षा-मांडणी वापरतात, त्यांना कोणतेही खाते वगळता येत नाही. तेथे दोन किल्ल्या नोंदवलेली दोन खाती ठेवणे एवढेच करता येते. ॲमेझॉनच्या सेवेत मूळ खाते, अर्थात 'रूट यूझर', हेच काही अंशी आपत्कालीन खात्याची भूमिका बजावते. त्याला २०२२ पासून आठपर्यंत प्रमाणीकरण-साधने जोडता येतात, त्यामुळे एक साधन हरवल्याने दार बंद होण्याचा प्रश्न उरत नाही. तथापि ते खाते एका ईमेल-पत्त्याला बांधलेले असते, आणि तो पत्ता कोणा सेवानिवृत्त कर्मचाऱ्याच्या नावे राहिला असेल, तर पासवर्ड बदलण्याचा दुवा त्याच्याच टपालात जाऊन पडतो.